नव्या चॅटमध्ये जुने फोटो येत नाहीत: जुन्या वहीचं काम मधेच न तुटता कसं चालवायचं

एआय चॅटमध्ये तुम्ही जो फोटो टाकता, तो त्या एका संवादाचा असतो. दुसऱ्या दिवशी ‘न्यू चॅट’ दाबलंत की समोर कोरी पाटी येते. खातं तेच, फोन तोच, डावीकडच्या यादीत कालचा संवादही दिसतोय, तरी नव्या संवादात कालचा फोटो नसतो. पुष्कळ लोक मात्र तो आहे असं धरून लिहायला लागतात: ‘मघाच्या पानावरचं पुढचं सांग.’ त्यावर ‘फोटो दिसत नाही’ असं उत्तर आलं तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते फोटो न पाहताच छान, मुद्देसूद उत्तर येतं तेव्हा.

हे नीट कळावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. इंदूरला रामबागेत आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. सासूबाईंच्या हातची पाककृतींची वही त्यांना टाइप करून हवी होती. वही मेट्रिक वजनं येण्याआधीची, म्हणजे १९५८च्या अगोदरची. चाळीसेक पानं, शाई फिकट झालेली, कुठे तुपाचे डाग. पदार्थ दोन्हीकडचे, महाराष्ट्रातले आणि इंदूरकडचे: अनारसे, चिरोटे, कडबोळी आणि त्यांच्या मध्येच भुट्ट्याचा कीस आणि गराडू. वजनं शेर, छटाक, तोळ्यांत आणि अपूर्णांक जुन्या पद्धतीने उभ्या रेघांत: । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण. सव्वा शेर लिहायचा तर १। शेर, दीड असेल तर १॥ शेर.

पहिल्या दिवशी काकूंनी अनारशाच्या पानाचा फोटो टाकला. उभ्या रेघा आधी भलत्याच वाचल्या गेल्या, ॥। च्या जागी १११ आलं. काकूंनी रेघांचा अर्थ समजावून दिला आणि मग पान बरोबर उतरलं: तांदूळ १ शेर, गूळ ॥। शेर, खसखस ४ तोळे. समासात बारीक अक्षरात एक सूचना होती, गूळ ओला असल्यास छटाकभर कमी. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं चॅट उघडलं, अनारशाचं प्रमाण ग्रॅममध्ये करून मागितलं, आणि उत्तर आलं तांदूळ १ किलो, गूळ १ किलो. काकू म्हणाल्या, ‘अरे, कालच तर दाखवलं ना याला!’

आत काय होतं

ॲपच्या मागे उत्तरं तयार करणारी जी यंत्रणा असते तिला मॉडेल म्हणतात. मॉडेलला स्वतःची अशी आठवण नसते. तुम्ही प्रत्येक वेळी काही लिहिता तेव्हा ॲप त्या संवादातला आधीचा मजकूर, तुमचे फोटो आणि नवं वाक्य असं सगळं एकत्र करून मॉडेलकडे परत पाठवतं. त्यामुळे एकाच चॅटमध्ये दहा प्रश्न विचारले तरी पान समोर असल्यासारखी उत्तरं येतात. पान खरोखरच दर वेळी पुन्हा पाठवलेलं असतं. नवं चॅट म्हणजे नवं पाकीट. तुमच्याकडून त्यात फक्त पहिलं वाक्य जातं.

फोटोबरोबर आणखी एक गोष्ट मागे राहते आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: तुम्ही केलेल्या दुरुस्त्या. काकूंनी रेघांचा जो अर्थ शिकवला होता तोही जुन्याच संवादात राहिला. म्हणून नव्या चॅटमध्ये तोच फोटो पुन्हा टाकला तरी १११ पुन्हा येऊ शकतं. फोटो परत देणं हे निम्मंच काम झालं.

आणि किलो कुठून आले? प्रश्नात ‘अनारसे’ हा शब्द होता. अनारशाच्या असंख्य कृती मॉडेलने शिकताना वाचलेल्या असतात, त्यातून सर्वसाधारण कृती तयार झाली. त्यात तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, हे सगळं बरोबर होतं, कारण ते जवळपास प्रत्येक कृतीत असतं. या बरोबर भागामुळेच फसगत होते. तीन दिवस जुळले की गुळाचं प्रमाणही वहीतलंच असणार असं वाटतं.

पायरी १: फोटो आहे की नाही ते आधी पाहा

सगळ्यात साधी खूण डोळ्यांची आहे. चालू चॅट वरपर्यंत सरकवा. फोटोची छोटी चौकट याच संवादात कुठे दिसते का? दिसत नसेल तर फोटो इथे नाही. इतर कुठे तो दिसत असला, तुमच्या गॅलरीत असला, जुन्या चॅटमध्ये असला, तरी इथे त्याचा उपयोग नाही.

तरीही शंका असेल तर असा प्रश्न टाका ज्याचं उत्तर पान पाहिल्याशिवाय देताच येणार नाही. पानावर सर्वांत वर काय लिहिलंय, समासात कोणते शब्द आहेत, तिसऱ्या ओळीची सुरुवात कशाने होते, असा. इथे एक पथ्य पाळा: उत्तर प्रश्नात घालू नका. ‘समासात गुळाबद्दल लिहिलंय ना?’ असं विचारलंत तर हो म्हणणं फार सोपं आहे आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ‘समासात काय आहे ते अक्षरशः उतरव, पान दिसत नसेल तर तसं सांग’ असं लिहा. दुसरं अर्धवाक्य मुद्दाम आहे. न दिसल्याचं सांगायची मोकळीक दिली की अंदाजाने रचलेली उत्तरं बरीच कमी होतात, पूर्ण थांबत मात्र नाहीत.

वहीच्या कामात फसवं उत्तर ओळखायची आणखी एक खूण म्हणजे काळ. मेट्रिकपूर्व वहीत किलो किंवा ग्रॅम आलं की ते पानावरून आलेलं नाही, हे जवळजवळ नक्की.

पायरी २: शक्य असेल तर जुन्याच चॅटवर परत जा

यादीतून जुना संवाद उघडा, फोटो आणि दुरुस्त्या तिथे आहेत ना ते पाहा आणि त्याच्याच खाली पुढचा प्रश्न लिहा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. लोक नवं चॅट उघडतात ते गरज म्हणून कमी आणि सवयीने जास्त. ॲप उघडलं की कोरं चॅटच समोर येतं आणि आपण त्यात लिहायला लागतो.

जुना संवाद पटकन सापडावा म्हणून त्याला नाव द्या. आपोआप पडलेली नावं कामाची नसतात, वहीची पंधरा पानं झाली की पंधरा ‘पाककृती मदत’ तयार होतात. ‘वही, पान ७, अनारसे’ असं नाव असलं की शोधावं लागत नाही. खात्यात लॉगिन न करता किंवा तात्पुरत्या चॅटमध्ये काम केलं असेल तर ते यादीत राहत नाही, तेव्हा फोटो टाकण्याआधी हे तपासा. आणि घरात एकाच्या फोनवर एक खातं आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दुसरं असेल तर काल मुलीच्या खात्यात टाकलेला फोटो आज आईच्या खात्यात शोधून उपयोग नाही. हे हास्यास्पद वाटेल, पण होतं.

जुनं चॅट कायमचं ओढत नेणंही बरं नाही. मॉडेल एका वेळी किती मजकूर विचारात घेऊ शकतं याला मर्यादा आहे आणि ती टोकनमध्ये, म्हणजे मजकुराच्या लहान तुकड्यांत, मोजतात. फोटोही त्यातच मोजला जातो. काही सेवांमध्ये पानभर फोटो हजार-दीड हजार टोकन खातो, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. एकाच संवादात वहीची वीस-पंचवीस पानं, वर प्रत्येकावरची चर्चा, असं साचलं की ॲप नवा मजकूर घेणं थांबवतं किंवा सुरुवातीचा भाग गाळून अथवा सारांश करून पुढे जातं. या दुसऱ्या प्रकारात एक विचित्र अवस्था येते: वर सरकवल्यावर तुम्हाला फोटो दिसतो, पण मॉडेलपर्यंत तो आता पोचत नसतो. लांबलेल्या चॅटमध्ये सुरुवातीच्या पानांबद्दल उत्तरं ढिली, मोघम यायला लागली की वरचा समासाचा प्रश्न टाकून पाहा. चुकलं तर समजा की आता नवं चॅट उघडायची वेळ झाली.

माझं मत विचाराल तर एका चॅटमध्ये चार-पाच पानांच्या वर जाऊ नये.

पायरी ३: फोटो पुन्हा देण्याजोगे ठेवा

नव्या चॅटमध्ये जायचं तर फोटो पुन्हा टाकावा लागणार. म्हणजे तो हाताशी हवा. चॅट हेच फोटोचं कपाट समजू नका. संवाद पुसला की त्यातली प्रतही गेली.

वहीसाठी फोनवर वेगळा अल्बम करा आणि फाइलींना पानाचे आकडे द्या, `vahi-07.jpg` असे. फोटो खिडकीपाशी, वरून सरळ, फ्लॅश न लावता काढा. फिकट शाईवर फ्लॅशचा पांढरा डाग पडला की नेमका तोळ्याचा आकडा जातो. पूर्ण पानाबरोबर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन कापलेले फोटो ठेवा. बऱ्याच सेवा मोठा फोटो आत घेताना लहान करतात, त्यात बारीक अक्षर आणि शेजारशेजारच्या रेघा एकमेकींत मिसळतात. अर्ध्या पानाचा फोटो लहान झाला तरी अक्षर वाचता येण्याइतकं मोठं राहतं. ॥ आणि ॥। यांतला फरक इथेच टिकतो किंवा जातो.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो वापरताय का तेही पाहा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. ग्वाल्हेरच्या नणंदेकडे वही असेल आणि ती फोटो पाठवणार असेल तर तिला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल जशीच्या तशी येते.

पायरी ४: फोटोबरोबर कामाची चिठ्ठी द्या

या लेखातला सर्वांत उपयोगी भाग हाच. जुन्या चॅटमधून बाहेर पडण्याआधी, तिथे जे ठरलं ते थोडक्यात लिहून घ्या आणि नव्या चॅटमध्ये फोटोच्या जोडीला चिकटवा. काकूंची चिठ्ठी साधारण अशी झाली:

```
काम: हस्तलिखित वही अक्षरशः उतरवणे.
खुणा: । = पाव, ॥ = अर्धा, ॥। = पाऊण.
  या रेघा आहेत, १ हे आकडे नाहीत.
वजन: १ शेर = १६ छटाक = ८० तोळे.
  ग्रॅममध्ये करताना १ शेर = ९३३ ग्रॅम धरणे.
नियम: अक्षर लागत नसेल तर [?] लिहिणे,
  अंदाजाने भरू नये. समासातलं वेगळं लिहिणे.
तपासलेलं पान ७: तांदूळ १ शेर, गूळ ॥। शेर,
  खसखस ४ तोळे. समास: गूळ ओला असल्यास
  छटाकभर कमी.
पुढचं: पान ८, फोटो सोबत.
```

यात तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. खुणा आणि वजनं हे या वहीपुरतं ज्ञान, ते दर वेळी द्यायचं. नियम म्हणजे वागायची पद्धत. आणि तपासलेलं पान म्हणजे तुम्ही स्वतः वहीशी ताडून पाहिलेला मजकूर. एकदा पान असं तपासून मजकुरात आलं की त्याचा फोटो पुढच्या चॅटला लागतच नाही. ग्रॅम काढायला मजकूर पुरतो: तांदूळ ९३३ ग्रॅम, गूळ त्याच्या पाऊणपट म्हणजे ७०० ग्रॅम, खसखस सुमारे ४७ ग्रॅम, आणि गूळ ओला असेल तर त्यातून ५८ ग्रॅम वजा. म्हणजे फोटो नव्या चॅटमध्ये फक्त न उतरलेल्या पानांसाठी किंवा शंका असलेल्या ओळीसाठी न्यायचा.

चिठ्ठी मॉडेलकडूनच लिहून घेतलीत तरी हरकत नाही, पण पुढे नेण्याआधी वहीशी ताडून पाहा. तिच्यात शिरलेली चूक नंतर तुमचंच म्हणणं म्हणून प्रत्येक चॅटमध्ये जाते आणि मग ती कुणी तपासत नाही.

वजनांबद्दल एक सावधगिरी. ८० तोळ्यांचा शेर हे ब्रिटिश काळातलं प्रमाण वजन. जुन्या संस्थानी भागात स्थानिक शेर वेगळा असू शके, शिवाय मापाचा शेर आणि वजनाचा शेर या दोन निराळ्या गोष्टी. फोटोत यातलं काही दिसत नाही. घरातल्या मोठ्यांना विचारा, किंवा एकाच शेराने सगळी कृती बसवा. प्रमाण तरी बिघडणार नाही.

मेमरी चालू असेल तर जास्त जपा

इथे बरेच जण म्हणतील, ‘पण आमच्या ॲपला जुनं आठवतं!’ खरं आहे. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय अशा सेवांमध्ये आता आधीच्या संवादांतलं काही पुढे आणायची सोय असते. पण ती आठवण मजकुराची असते, टिपणासारखी: अमुक व्यक्ती सासूबाईंची वही उतरवते आहे, त्यात शेर-तोळे आहेत. पानावरची शाई, समास, रेघा हे त्या टिपणात नसतं.

यातून सर्वांत फसवा प्रकार तयार होतो. कोऱ्या चॅटमध्ये किलो आले आणि काकूंना लगेच कळलं. मेमरी चालू असताना तोच प्रश्न टाकला असता तर उत्तर शेरातच आलं असतं, कदाचित वहीचा उल्लेखही झाला असता, आणि प्रमाण मात्र अंदाजाचं: तांदूळ १ शेर, गूळ १ शेर. पाव शेर, म्हणजे २३३ ग्रॅम गूळ जास्त. ज्यांनी अनारसे केलेत त्यांना सांगायला नको. गूळ वाढला की अनारसा तुपात हसतो आणि कढईत नुसती जाळी उरते. भाषा ओळखीची आहे म्हणून पान पाहिलंय असं समजू नका. वर सरकवून फोटोची चौकट शोधायची, हा नियम मेमरी असली तरी तोच.

प्रोजेक्ट वापरायचं असेल तर

चाळीस पानांसारखं लांबणारं काम असेल तर अनेक सेवांमध्ये प्रोजेक्ट नावाचा कप्पा असतो. त्याच्या फाइलींत जे ठेवाल ते त्या कप्प्यातल्या प्रत्येक नव्या चॅटला मिळतं. इथे दोन गोष्टींत गल्लत होते. प्रोजेक्टमधल्या एखाद्या चॅटमध्ये टाकलेला फोटो हा त्या चॅटचाच राहतो. शेजारच्या चॅटला तो मिळेल असं धरू नका. सगळीकडे हवं ते प्रोजेक्टच्या फाइलींत वेगळं ठेवावं लागतं.

तिथे काय ठेवावं? माझ्या मते फोटो नाहीत, चिठ्ठी आणि तपासलेली पानं, एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. फोटो त्या त्या दिवशी त्या त्या चॅटमध्ये टाकावेत, कारण पान वाचताना ते थेट समोर असलेलं बरं आणि झालेल्या पानांचा भार विनाकारण राहत नाही. पान तपासून झालं की फाइलमध्ये त्याची भर घाला आणि जुनी फाइल काढून नवी ठेवा. जुनी तशीच राहिली तर दोन ‘पान ७’ होतात, एक दुरुस्त आणि एक १११ वालं, आणि कुठलं उचललं जाईल याचा भरवसा नाही.

ॲपने बनवलेल्या चित्रांचंही तसंच

काकूंच्या मुलीने वहीसाठी मुखपृष्ठ बनवून घेतलं, चुलीवरची कढई आणि शेजारी पितळी डबा. दुसऱ्या दिवशी नव्या चॅटमध्ये तिने ‘डबा जरा डावीकडे घे’ लिहिलं आणि भलतंच चित्र आलं. तुम्ही टाकलेला फोटो असो की तिथे तयार झालेलं चित्र, नव्या चॅटला दोन्ही अनोळखी. चित्र बनलं की लगेच फोनवर उतरवून ठेवा आणि बदल हवा असेल तेव्हा तेच चित्र जोडून सांगा. ज्या वर्णनावरून ते बनलं ते वाक्यही जपा, पण नुसतं वाक्य परत दिलं तर तेच चित्र येत नाही, त्याच्या जवळपासचं दुसरं येतं. कढई तीच हवी असेल तर फाइलच लागते.